सीईएनं कॅन्सर ओळखता येत नाही, मग उपचारावर नजर ठेवायला तोच कसा चालतो?

पेशीतली_पोर

नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजीच्या परीक्षेला तीन आठवडे उरलेत आणि ट्यूमर मार्करच्या प्रश्नांनी घाम फोडलाय. काल रात्री दोन प्रश्न लागोपाठ चुकले. गंमत म्हणजे दोन्ही सीईए या रक्तात मोजायच्या मार्करवरचेच.

पहिला असा: ५८ वर्षांचा माणूस, गेली वीस वर्षं सिगारेट ओढतो, तक्रार काहीच नाही. तपासणीत सीईए ७.२ आला. यावरून काय म्हणाल? मी 'मोठ्या आतड्याचा कॅन्सर असण्याची शक्यता सर्वाधिक' हा पर्याय निवडला. चूक. उत्तर होतं 'एवढ्यावरून निदान करता येत नाही'.

दुसरा: ६१ वर्षांच्या बाई, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशनच्या आधी सीईए ६४, ऑपरेशननंतर सातव्या दिवशी २४. मी म्हटलं, नॉर्मल ५ च्या आत आणि हा २४, म्हणजे गाठीचा भाग मागे राहिला. तेही चूक! उत्तर 'आत्ता काही ठरवू नका, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा'.

पाठ करायचं तर दोन्ही करून टाकीन. पण मुळातच एक गोष्ट पटत नाहीये. सगळीकडे एकच वाक्य वाचते: मार्कर निदानासाठी नाही, उपचाराच्या पाठपुराव्यासाठी. जो शिपाई चोराला ओळखू शकत नाही, तो चोर गेला की नाही हे कुठून सांगणार?

तिरकस

चोर गेलाय हे कळायला त्याचं नाव-गाव कशाला लागतं? कुत्रं भुंकायचं थांबलं की कळतं.

पेशीतली_पोर

@तिरकस, हसले, पण हे उत्तरपत्रिकेत लिहिता येणार नाही :(

शंकासूर

प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या मते पुस्तकवाले उगाच घाबरवतात. कटऑफ ५ ठेवलाय म्हणून गोंधळ होतो. तो २० करा, सिगारेटवाले आपोआप गळतील आणि उरलेल्यांचं निदान पक्कं. आणि ऑपरेशननंतर आकडा नॉर्मलला आला की कॅन्सर गेला. यात अवघड काय आहे?

जुना मास्तर

@तिरकस यांनी गमतीत म्हटलंय, पण सगळं उत्तर त्या कुत्र्यातच आहे, म्हणून तेच पुढे नेतो.

सीईए १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये आणि गर्भाच्या आतड्यात तो सापडला, निरोगी प्रौढाच्या आतड्यात त्यांना मिळाला नाही. म्हणून नावातच 'कार्सिनो' आणि 'एम्ब्रियॉनिक' दोन्ही बसले. त्या वेळी लोकांना वाटलं, झालं, आता रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखता येणार. पुढे तपासण्या जास्त संवेदनशील झाल्या, तसं लक्षात आलं की निरोगी आतडंही तो थोडा थोडा बनवतं. सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या जुनाट आजारात, आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या सुजेतही तो वाढतो. नाव मात्र तसंच राहिलं आणि दर वर्षी काही विद्यार्थी त्या नावाला फसतात. म्हणजे हे कुत्रं चोरावर भुंकतं, पोस्टमनवर भुंकतं, आणि कधी कधी मांजरावरही.

आता पहिला प्रश्न. हिशोबासाठी ठोकळ आकडे घेऊ. समजा काहीच तक्रार नसलेली १०,००० माणसं तपासली आणि त्यांतल्या ४० जणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. लवकरच्या टप्प्यात सीईए बऱ्याचदा वाढलेलाच नसतो, तरी उदार मनानं म्हणू की ४० पैकी २० जणांत वाढला. उरले ९,९६०. त्यांतल्या दर दहात एकाचा आकडा सिगारेटमुळे, यकृतामुळे किंवा कशामुळेही वर गेला असं धरलं, तर ते झाले ९९६. म्हणजे वाढीव रिपोर्ट हातात घेऊन १,०१६ माणसं तुमच्या दारात उभी, आणि त्यांतल्या २० जणांना खरंच कॅन्सर. पन्नासात एक. त्याहून वाईट गोष्ट अशी की ज्यांना कॅन्सर आहे असे आणखी २० जण 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन निश्चिंत मनानं घरी गेले.

दुसऱ्या प्रश्नातल्या बाईंचं तसं नाही. चोर घरात होता हे बायोप्सीनं आधीच सिद्ध केलंय. हे कुत्रं त्या चोरावर भुंकतं हेही ६४ या आकड्यावरून माहीत आहे. आता प्रश्न 'हा आकडा लोकांपेक्षा वेगळा आहे का' असा नाहीच. प्रश्न आहे 'हा आकडा बाईंच्याच मागच्या आकड्यापेक्षा कुठे चाललाय'. तपासणी तीच, विचारलेला प्रश्न बदलला.

@शंकासूर, कटऑफ २० केला तर सिगारेटवाले बरेचसे गळतील हे खरं. पण त्यांच्याबरोबर लवकरच्या टप्प्यातले रुग्णही गळतील, आणि तपासणी तर त्यांच्यासाठीच करायची होती. फार मोठा आकडा आला तर संशय नक्की वाढतो, यकृतात पसरलाय का हे बघावंसं वाटतं. तरीही गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कुणी केमो सुरू करत नाही. तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल दुसरं कुणी बोललं तर बरं, मी आत्ता तासाला निघालोय.

टाकेवाला

मास्तरांनी अर्धवट सोडलेलं मी घेतो, माझं पोट त्याच्यावरच आहे.

'नॉर्मलला आला की कॅन्सर गेला' हे वाक्य दोन ठिकाणी फसतं. एक म्हणजे काही गाठी सीईए बनवतच नाहीत. विशेषतः ज्यांच्या पेशी अगदीच बिघडलेल्या असतात, आतड्याच्या पेशीसारख्या दिसतही नाहीत, अशा. ऑपरेशनच्या आधीच आकडा २ असेल तर नंतरच्या २ ला फारसा अर्थ नाही. म्हणून आम्ही ऑपरेशनआधीचं सीईए मागतो. निदान त्याच्यावर होत नाही, पण पुढे तुलना करायला काहीतरी लागतं. (आधी नॉर्मल असलेल्या काही रुग्णांत आजार परतताना सीईए वाढतो, त्यामुळे तिथेही तपासणी अगदी टाकाऊ नाही.) दुसरं म्हणजे थोड्याशा पेशी मागे राहिल्या तर त्या बनवतील तेवढा सीईए नॉर्मलमध्ये बेमालूम मिसळून जातो.

आता पोरीचा दुसरा प्रश्न. यात ती नेमकी कुठे घसरली ते बघा. गाठ काढली म्हणजे कारखाना बंद पडला. पण गोदामातला माल रक्तातच फिरतोय आणि तो यकृतातून हळूहळू निकालात निघतो. सीईएचं अर्धायुष्य साधारण पाच दिवस धरा. ६४ चे पाच दिवसांनी ३२, दहाव्या दिवशी १६, पंधराव्या दिवशी ८, विसाव्या दिवशी ४. मग सातव्या दिवशी किती? ३२ आणि १६ च्या मधे, हिशोब केला तर जवळजवळ २४. म्हणजे बाईंचा आकडा अगदी वेळापत्रकाप्रमाणे उतरतोय! प्रश्न काढणाऱ्यानं तो मुद्दाम तसा निवडलाय.

खऱ्या माणसात अर्धायुष्य इतकं आखीव नसतं. कुणात तीन दिवस, कुणात सात, आणि यकृत मंद असेल तर आणखी लांबतं. पण सात धरलं तरी सहा आठवड्यांत सहा वेळा अर्धं होऊन ६४ चा १ होतो. म्हणून चार ते सहा आठवडे थांबायचं. तेव्हा जर १९ आला असता, तर तुझं उत्तर बरोबर होतं.

पेशीतली_पोर

अरे देवा. म्हणजे मी २४ ची तुलना ५ शी केली, करायला हवी होती ६४ शी आणि दिवसांशी. हे कुणी असं सांगितलंच नव्हतं.

सुमेधा_७७

मी डॉक्टर नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. मागच्या वर्षी एका तपासणी पॅकेजमध्ये माझं सीए-१२५ हे अंडाशयाच्या कॅन्सरचं मार्कर ६८ आलं. शेजारी लाल अक्षरात 'हाय', खाली बारीक अक्षरात नॉर्मल ३५ पर्यंत. दोन आठवडे झोप नाही. सोनोग्राफी झाली, पुढच्या तपासण्या झाल्या आणि निघालं एंडोमेट्रिओसिस. वर रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती. आता वरचं वाचून वाटतंय, पाठपुराव्यासाठी हे चांगलं म्हणता, तर मी दर तीन महिन्यांनी करून घ्यावं का?

तिरकस

पोस्टमनवर भुंकलं.

निवासी_डॉक्टर

@सुमेधा_७७, पाठपुरावा म्हणजे ज्या आजाराचं निदान झालंय आणि ज्यावर उपचार चाललेत त्याचा. तुम्हाला अंडाशयाचा कॅन्सर नाही, त्यामुळे पाठलाग कुणाचा करणार? सीए-१२५ पोटाच्या आतल्या अस्तरातूनही येतं. ते चिडलं की आकडा वाढतो, मग कारण पाळी असो, एंडोमेट्रिओसिस असो, गरोदरपण असो, की पोटात साठलेलं पाणी असो. दर तीन महिन्यांनी केलंत तर दर तीन महिन्यांनी झोप जाईल. एंडोमेट्रिओसिसकडे कसं लक्ष ठेवायचं हे मात्र ज्या डॉक्टरांनी तुमची सोनोग्राफी पाहिली त्यांनाच विचारा, इथे आमच्यावर विसंबू नका.

सुमेधा_७७

धन्यवाद. हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर! पॅकेजवाल्यांनी 'सल्ला घ्या' एवढाच शिक्का मारला होता.

लॅबमधला

आमची बाजूही मांडतो, कारण पाठपुराव्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो आमच्या खोलीत, आणि कळतो सगळ्यात शेवटी.

काही वर्षांपूर्वी आम्ही यंत्र बदललं. नव्या कंपनीचं यंत्र, अभिकर्मकंही त्यांचीच. दोन्ही सीईएच मोजतात, पण वेगवेगळ्या अँटीबॉडीनं, आणि सीईए हा साखरेच्या साखळ्या लटकलेला अवजड रेणू. एक अँटीबॉडी त्याला एका बाजूनं धरते, दुसरी दुसऱ्या बाजूनं. त्यामुळे त्याच रक्ताचा आकडा दोन यंत्रांवर वेगळा येतो. एका रुग्णाचे आधीचे तीन रिपोर्ट ३ च्या आसपास होते, नव्या यंत्रावर आला ५.४. आम्ही रिपोर्टखाली पद्धत बदलल्याची ओळ टाकली होती, पण ती कुणी वाचली नाही. सीटी स्कॅन ठरला, घरचे रडकुंडीला.

नशिबानं मागच्या वेळचा नमुना फ्रीझरमध्ये होता. तो काढून नव्या यंत्रावर लावला, तर तोही ५.२! म्हणजे रुग्णात काहीच बदललं नव्हतं, फूटपट्टी बदलली होती. तेव्हापासून यंत्र बदलताना पाठपुराव्याच्या रुग्णांचे नमुने काही काळ दोन्हींवर लावतो आणि नवा आधार-आकडा देतो. तुमच्या परीक्षेत हा पर्याय कधी असतो का माहीत नाही, पण 'त्याच लॅबमधून, त्याच पद्धतीनं' ही अट विसरू नका.

शंकासूर

ठीक आहे, सीईएपुरतं मान्य. पण प्रोस्टेटचा पीएसए? त्याच्यावर तर लोक कॅन्सर शोधतात की! म्हणजे 'मार्कर निदानासाठी नाही' हा नियम तुमचाच तुम्ही मोडता.

जुना मास्तर

तासावरून परत.

@शंकासूर, मुद्दा चांगला काढलात. पीएसए चाळणीसाठी वापरतात आणि त्यावर आजही भांडणं आहेत, कारण प्रोस्टेट नुसती वाढली किंवा सुजली तरी तो वाढतो. पण तिथेही पीएसए फक्त बायोप्सीपर्यंत नेऊन सोडतो, निदान तुकडाच करतो. उलट पाठपुराव्यात पीएसए सीईएपेक्षाही सरस आहे. संपूर्ण प्रोस्टेट काढली की शरीरात तो बनवणारं दुसरं दखलपात्र काही उरत नाही, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तिथे ०.२ सुद्धा बातमी असते. ज्याची प्रोस्टेट जागेवर आहे त्याला ०.२ आला तर आपण पेढे वाटू. एकच आकडा, दोन माणसं, दोन अर्थ. पोरीच्या मूळ प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

टाकेवाला

एक पूर्ण केस सांगतो, आकडे ओळख लपेल इतपत हलवलेत.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी सीईए २.१. मग दर तीन महिन्यांनी १.९, २.२, ३.६, ५.८. इथे ५.८ ला सगळे जागे झाले, पण माझं लक्ष आधीच ३.६ ला गेलं होतं. रिपोर्टवर तो 'नॉर्मल' होता. पण दोनच्या आसपास बसलेला माणूस विनाकारण पावणेदोन पटीवर का जाईल? तरी एका आकड्यावर उडी मारली नाही. ५.८ नंतर एका महिन्यानं पुन्हा तपासलं, ७.१. मग सीटी केला तर यकृताच्या उजव्या भागात दोन सेंटिमीटरची एकच गाठ. ती काढली, पॅथॉलॉजीनं सांगितलं की आतड्याचीच, परत आलेली. सहा आठवड्यांनी सीईए २.०. माणसाला तोवर एकही त्रास नव्हता.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसत्या विजयकथा सांगतो. दुसऱ्या एका रुग्णाचा आकडा असाच २.५ वरून ५.५ वर गेला. सगळं पालथं घातलं, कॅन्सर कुठेच नाही. डोळे पिवळसर दिसले तेव्हा उजेड पडला, पित्तनलिकेत खडा. सीईए यकृतातून निघतो हे मीच वर लिहिलंय आणि मीच विसरलो होतो. खडा निघाला, आकडा उतरला.

निवासी_डॉक्टर

टाकेवाला सरांबद्दल आदर आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. वाढ लवकर कळली म्हणजे रुग्ण जास्त जगतो असं आपण गृहीत धरतो, आणि ते दर वेळी खरं नसतं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे तपासलं गेलंय. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत, उपचारानंतर बऱ्या असलेल्या ज्या स्त्रियांचं सीए-१२५ वाढलं त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच केमो, दुसऱ्याला त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाला केमो कित्येक महिने आधी मिळाली. आयुष्य? दोन्ही गटांत फरक नाही. उलट लवकर केमो घेणाऱ्यांच्या जगण्याचा दर्जा लवकर घसरला.

म्हणजे कुत्रं बरोबर भुंकलं, पण आपल्याला आधी उठून काही करता आलं नाही.

टाकेवाला

मान्य, पण अंडाशयाचं गणित आतड्याला लावू नका. यकृतातली एकटी गाठ मी कापून काढू शकतो, तिथे आधी कळण्याला अर्थ आहे. पोटभर विखुरलेल्या दाण्यांना मी काय करणार?

निवासी_डॉक्टर

आतड्यातही कडक पाठपुराव्यानं कापता येणारे परतावे जास्त सापडतात हे बरोबर. एकूण आयुष्य त्यामानानं किती वाढतं यावर मात्र आकडे इतके ठणठणीत नाहीत. तुमच्या त्या एका रुग्णाला फायदा झालाच, वाद सगळ्यांच्या सरासरीचा आहे.

टाकेवाला

सरासरी माझ्या ओपीडीत येत नाही हो. असो, यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, एवढ्यात संपवलंत?

पेशीतली_पोर

भांडा हो, पण आधी माझा तिसरा प्रश्न! वरचं सगळं वाचून जोमानं बसले आणि पुन्हा आपटले. २६ वर्षांचा मुलगा, वृषणात गाठ. गाठ काढली, स्लाइडवर शुद्ध सेमिनोमा. ऑपरेशनच्या आधी रक्तातला एएफपी हा मार्कर ३४०. मी शहाणपणानं निवडलं, 'मार्करवरून निदान ठरत नाही, सेमिनोमाच धरा'. चूक!!

जुना मास्तर

हाहा. नियम शिकलीस आणि लगेच त्याचा अपवाद भेटला. शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. मग ३४० कुठून आला? यकृताचा आजार नसेल, तर गाठीत योक सॅकसारखा दुसरा भाग कुठेतरी आहे आणि तुमच्या स्लाइडमध्ये तो आला नाही. अशा वेळी उरलेल्या गाठीचे आणखी तुकडे घेऊन शोधायचं, आणि तो सापडला नाही तरी उपचार नॉन-सेमिनोमा धरून करायचे. इथे मार्कर स्लाइडला हरवतो. एचसीजीनं मात्र गोंधळू नकोस, तो सेमिनोमातही थोडा वाढू शकतो.

वृषणाच्या गाठींत मार्कर टप्पा ठरवायलाही वापरतात. आणि द्राक्षगर्भ काढल्यानंतर एचसीजी उतरायचा थांबला किंवा चढायला लागला, तर तुकडा न घेताही कॅन्सरचे उपचार सुरू करतात. म्हणून पर्यायात 'कधीच नाही' दिसलं की दोनदा वाच.

पेशीतली_पोर

वहीत लिहून घेतलं. आता शेवटचं, खरंच शेवटचं. पसरलेला आतड्याचा कॅन्सर, पहिल्या केमोनंतर तीन आठवड्यांनी सीईए ८० वरून ११० झाला. पर्यायात 'केमो निष्फळ, बदला' आहे. आता मला यावरही संशय येतोय.

निवासी_डॉक्टर

येऊ दे, योग्य आहे. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे आकडा फसवा असतो. मरणाऱ्या पेशी फुटून सीईए रक्तात ओततात, शिवाय ऑक्झॅलिप्लॅटिनसारखी औषधं यकृतालाही त्रास देतात. तेवढ्यावर केमो बदलायची नाही. पुन्हा मोजायचा आणि स्कॅन बघायचा. स्कॅनमध्ये गाठी आकसत असतील तर ११० कडे काणाडोळा.

लॅबमधला

आणि पुन्हा मोजायचा तो त्याच लॅबमध्ये. फ्रीझरमध्ये जागा आहे आमच्याकडे.